रोझीचं दुसरं इंजेक्शन

राहात्याहून पुणतांब्याकडे जाताना एक साखर कारखाना होता आणि त्याच्या मागच्या अंगाला नोकरांची वसाहत. तिथल्या एका जोडघरात इंदू राहायची. तिचा नवरा हेमचंद्र कारखान्याच्या ऊस खात्यात कारकून होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, आणि त्यावर घरात कुणी बोलतही नसे.

१९७३च्या दिवाळीआधी वसाहतीत भटकणारी एक राखाडी मांजरी इंदूच्या घरात शिरली आणि गोधड्यांच्या पेटीमागे व्याली. दोन पिल्लं झाली. इंदूने आयुष्यात कधी मांजर पाळलं नव्हतं. पण तिने मांजरीला रोज दूधभाकरी घातली, पेटी हलवू दिली नाही. एक पिल्लू आईहून काळपट होतं, त्याला ती काजळी म्हणू लागली. दुसरं पांढरं, कपाळावर आणि शेपटीवर पिवळा डाग. ते हळदी. डोळे उघडल्यावर हळदी सगळ्यात आधी इंदूच्या पदराला चढली. इंदू भाकरी थापत असली की ती खांद्यावर जाऊन बसायची आणि मानेपाशी घुरघुरत झोपायची. इंदू तशीच, मान न हलवता, सगळ्या भाकऱ्या करायची.

जोडघराचा दुसरा अर्धा भाग रिकामा होता. तिथे नोव्हेंबरात, गळीत हंगाम सुरू होताना, मुंबईहून नवे केमिस्ट आले. त्यांची बायको नीलांबरी इंदूपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान होती. तिच्याकडे गॅसची शेगडी होती, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं, कारखान्याची जीप दाराशी यायची. ती उंच होती, हसरी होती, आणि दुसऱ्याच दिवशी ‘इंदूताई, इंदूताई’ करत घरात येऊन ओट्यावर बसली. तिने हळदीला पाहिलं आणि उचलून गालाला लावलं.

हेमचंद्र तेव्हा घरी होता. तो सहज बोलून गेला, की आवडलं तर घेऊन जा, आम्हाला दोन कशाला. नीलांबरीने इंदूकडे पाहिलं. इंदू म्हणाली, “घेऊन जा ना.” दुसरं काय म्हणणार होती ती?

पिल्लं सात आठवड्यांची झाल्यावर हळदी भिंतीपलीकडे गेली. तिथे तिचं नाव रोझी झालं.

पहिले चार दिवस इंदूला वाटलं, रडेल, परत येईल. ती परत आली नाही. पाचव्या दिवशी इंदू मुद्दाम वाटीत साय घेऊन गेली. नीलांबरी खुर्चीत वाचत बसली होती आणि पिल्लू तिच्या मानेपाशी झोपलं होतं. इंदूने हाक मारली. पिल्लाने एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला. इंदूने साय तिथेच ठेवली आणि घरी आली. त्या दिवशी तिने काजळीलाही जवळ घेतलं नाही. मग राखाडी मांजरीही पलीकडे जाऊ लागली, हळदीला पाजायला. तिथे तिला मासे मिळायचे. इंदू अंगणात कपडे वाळत घालता घालता पाहायची, की मांजरी कुंपणाखालून वाकून पलीकडे जाते आहे. तिला छातीत काहीतरी चिमटल्यासारखं व्हायचं. गॅसची शेगडी, जीप, हे तिने मनावर घेतलं नव्हतं. ते ज्याचं त्याच्याकडे असतं. पण हे पिल्लू तिचं होतं.

वसाहतीत भांडी घासायला गोजरबाई यायची, दोन्ही घरी. पिल्लू पलीकडे जायच्या आधीच तिने नीलांबरीला सांगितलं होतं, “बाई, मांजर पाळू नगा हितं. गेल्या थंडीत लई मेली. वकायची, अन् पान्याच्या भांड्यावर मान टाकून बसायची, पीत न्हाई नि उठत न्हाई. दोन दिसात गार.” नीलांबरी घाबरली. तिने मुंबईला भावाला पत्र लिहिलं. तो औषधांच्या आयातीच्या धंद्यात होता. भावाने कळवलं, की या रोगावर परदेशी लस मिळते, पण ती जनावरांच्या डॉक्टरनेच द्यायला हवी.

राहात्याला गुरांचा दवाखाना होता. तिथले डॉक्टर सूर्यभान मूळचे कर्जतकडच्या शेतकरी घरातले. दिवसभर बैल, गाई, म्हशी. मांजर घेऊन त्यांच्याकडे आजवर कुणी गेलं नव्हतं. पण नीलांबरीने विचारलं तेव्हा ते हसले नाहीत. ते कामासाठी मुंबईला जाणारच होते. तिच्या भावाकडून बर्फाच्या थर्मासातून लस घेऊन आले आणि कारखान्याच्या दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये ठेवली. बर्फाच्या कप्प्यात नाही, खाली, असं त्यांनी तिथल्या नर्सला दोनदा बजावलं. गोठली तर ती लस वाया जाते.

नीलांबरीने इंदूच्या काजळीसाठीही लस मागवली होती. न विचारता. “बहिणी आहेत ना दोघी,” ती म्हणाली. इंदूने आभार मानले. उपकार घेताना तिचे कान गरम झाले होते.

पंधरा डिसेंबरला, शनिवारी, डॉक्टर जीपमधून आले. पिल्लं बरोबर आठ आठवड्यांची झाली होती. त्यांनी दोघींना हाताळून पाहिलं, ताप नाही ना, डोळे स्वच्छ आहेत ना, जुलाब नाहीत ना, हे विचारलं. आजारी पिल्लाला लस टोचायची नाही, असं म्हणाले. मग मानेमागची कातडी चिमटीत धरून एकेक इंजेक्शन दिलं. काजळी किंचाळली. रोझीने आवाजही केला नाही, आणि नीलांबरीने तिचं एवढं कौतुक केलं, की इंदू खिडकीबाहेर पाहू लागली.

नीलांबरी कॉफी करायला आत गेली. डॉक्टरांनी बॅगेतून गुरांच्या लसीची दोन कार्डं काढली, त्यावर ‘गाय’ खोडून ‘मांजर’ लिहिलं आणि इंदूला समजावून सांगू लागले.

“वहिनी, हे एक झालं. एकाने भागत नाही. पिल्लाला आईच्या चिकातून, म्हणजे पहिल्या दुधातून, थोडी ताकद आलेली असते. ती ताकद रोगाला अडवते, तशी आमच्या लसीलाही अडवते. ती कुठल्या आठवड्यात संपेल ते सांगता येत नाही. कुणाची आठव्यात, कुणाची बाराव्यात, कुणाची त्याच्याही पुढे. म्हणून लस परत द्यायची. आजपासून चार आठवड्यांनी, म्हणजे बारा जानेवारीला. सोळाव्या आठवड्याला तिसरं दिलं तर फारच उत्तम, पण तेवढ्या बाटल्या नाहीत.”

इंदूने विचारलं, की आईने तर कधी इंजेक्शन घेतलं नाही, मग तिच्या दुधात ताकद कुठून येणार.

“गेल्या वर्षीच्या साथीत ती वाचली असेल. वाचलेल्या मांजराच्या अंगात ताकद राहते. म्हणून तर दुसरं चुकवायचं नाही. दुसरं होऊन आठवडा-दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लांना बाहेरच्या मांजरांत सोडू नका. आणि तीन महिने पुरे झाले की पिसाळण्याची लस. ती पुण्याहून सरकारी येते, ती मी मागवतो.”

कॉफीचे कप घेऊन नीलांबरी दारात आली तेव्हा डॉक्टर शेवटचं वाक्य बोलत होते, “मग पुढे दर वर्षी एकदा. आपण बैलाला पावसाळ्याआधी घटसर्पाची टोचतो ना दर साल, तसं.”

नीलांबरीने तेवढं ऐकलं आणि मान डोलावली. आज पिल्लं मलूल राहतील, काळजी करू नका, असं सांगून डॉक्टर कॉफी पिऊन गेले. जाताना इंदूला म्हणाले, की जानेवारीत गुरांच्या साथीचा दौरा आहे, त्यामुळे बारा तारखेला तुम्हीच दोघींना एका टोपलीत घालून राहात्याच्या दवाखान्यात आणा, लस मी आदल्या दिवशी तिकडे नेऊन ठेवीन. तोवर नीलांबरी रोझीला पांघरुणात गुंडाळण्यात गुंतली होती.

संक्रांत जवळ आली. तिळाचे लाडू वळायला नीलांबरीने वसाहतीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. रोझीच्या गळ्यात लाल फीत बांधली होती. बायका एकमेकींच्या हातातून तिला घेत होत्या. कुणीतरी म्हणालं, की केवढी गुणी आहे, कुठून आणली? नीलांबरी म्हणाली, “इंदूताईंकडची. पण आता त्यांना ओळखतसुद्धा नाही, माझ्याशिवाय जेवत नाही.” ती थट्टेनेच म्हणाली. सगळ्या हसल्या. इंदूही हसली आणि तिळगूळ हातात तसाच धरून बसली.

बायका गेल्यावर ताटं आवरताना नीलांबरीने विचारलं, “इंदूताई, रोझीने ते कार्ड मी नीट वाचायच्या आधीच चावून टाकलं हो. पुढचं इंजेक्शन डॉक्टर वर्षाने म्हणाले ना?”

इंदूच्या हातात पितळेचं ताट होतं. बारा तारखेला दोन दिवस राहिले होते. तिला नीट आठवत होतं, तिच्या कार्डावर डॉक्टरांनी तारीख लिहिली होती. ती म्हणाली, “हो. वर्षाने.”

एवढंच. बोलून झाल्यावर तिला वाटलं, की आत्ता हसून म्हणावं, छे, चुकले, परवाच आहे. पण नीलांबरी रोझीला उचलून तिच्याशी काहीतरी लाडाने बोलू लागली होती. इंदू ताट ठेवून घरी आली.

बारा तारखेला ती काजळीला टोपलीत घालून एसटीने राहात्याला गेली. डॉक्टरांनी विचारलं, की दुसरी कुठे आहे. इंदू म्हणाली, की त्यांच्याकडे जीप आहे, त्या स्वतः आणतील. डॉक्टरांच्या दारात बैलांची रांग लागली होती. त्यांनी काजळीला टोचलं, कार्डावर सही केली आणि म्हणाले, की दुसरी बाटली फ्रीजमध्ये ठेवतो, पण आठवड्याच्या आत आणायला सांगा. इंदूने सांगते म्हटलं.

एसटीतून परत येताना तिने ठरवलं होतं, की उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलांबरी अंगणात रोझीला ऊन देत बसली होती आणि राखाडी मांजरी तिच्या पायाशी पसरली होती. इंदूने खिडकी लावून घेतली. मग परवा सांगू असं झालं. मग डॉक्टर दौऱ्यावर गेले. एकेक दिवस गेला तसं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता उशीर का केला तेही सांगावं लागणार होतं. रात्री जेवताना हेमचंद्राने एकदा विचारलंही, की दोघींची इंजेक्शनं झाली का. ती म्हणाली, काजळीचं झालं. त्याने पुढे विचारलं नाही.

जानेवारी संपता संपता गोजरबाईने भांडी घासताना सांगितलं, की चिपाडाच्या ढिगाजवळ दोन बोके मरून पडलेत. “पुन्यांदा आलं बगा ते.” इंदू तशीच उठून पलीकडे गेली. दारात उभी राहून म्हणाली, की रोझीला बाहेर सोडू नका. नीलांबरी म्हणाली, “आता कसली भीती? लस दिली आहे ना.” तेव्हाही इंदूला बोलता आलं असतं. ती म्हणाली, “तरी आपलं,” आणि परतली.

दोन फेब्रुवारीला सकाळी नीलांबरी धावत आली. रोझीने रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं, पिवळा फेस ओकत होती. इंदू गेली. पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान झुकवून बसलं होतं. पीत नव्हतं. इंदूने हात लावला तर अंग भाजत होतं. या वेळी पिल्लाने मान वळवून तिच्या हाताला नाक लावलं, आणि इंदूला वाटलं, आपण आत्ताच्या आत्ता मरावं.

जीप जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी ताप मोजला, पोट चाचपलं, कातडी ओढून पाहिली. ती उचलली तशी उभीच राहिली. अंगातलं पाणी कमी झालं होतं. ते म्हणाले, “दुसरं इंजेक्शन कधी दिलं हिला? मी दौऱ्यावर असताना कंपाउंडरने दिलं का?”

“दुसरं?” नीलांबरी म्हणाली. “दुसरं तर वर्षाने ना?”

डॉक्टरांनी इंदूकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, त्यांना फक्त कळत नव्हतं. नीलांबरीनेही पाहिलं.

इंदू म्हणाली, “दुसरं बारा जानेवारीला होतं. मला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी वर्षाने म्हणाले.”

“विसरलात?”

“नाही,” इंदू म्हणाली. “विसरले नाही.”

मग डॉक्टर बॅग उघडून कामाला लागले. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, पोटातल्या दुसऱ्या जंतूंसाठी पेनिसिलिन टोचलं. ओकारी थांबेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, ऊब द्यायची, असं सांगितलं. या रोगावर थेट औषध नाही, अंगातलं पाणी टिकलं तर पिल्लू स्वतःच झुंजतं, हेही सांगितलं. नीलांबरीने विचारलं, की ती राहिलेली लस आता दिली तर? डॉक्टर म्हणाले, “आता नाही चालत, वहिनी. लस आजार येण्याआधीची. वेळ चुकली असती आणि पिल्लू धडधाकट असतं, तर तेव्हा दिली असती, आणि परत चार आठवड्यांनी आणखी एक.”

मग त्यांनी इंदूला दाराबाहेर बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, की हा रोग हातावरून, चपलांवरून जातो, घरी जाताना हात साबणाने धुवा आणि पदर बदला. काजळीची दोन झाली आहेत, तिला बहुधा काही होणार नाही. इंदूने मान हलवली. काजळी वाचणार याचं तिला त्या क्षणी काहीच वाटलं नाही.

नीलांबरीने तिला घरात घेतलं नाही. दोन दिवस इंदू कुंपणाशी उभी राहायची आणि गोजरबाई आतून येऊन सांगायची, की सलाईन दिलं, की एकदा उठून बसली, की परत निजली. चार तारखेला दुपारी गोजरबाई आली ती नुसती पायरीवर बसली. इंदूला कळलं. तिने पाहिलं, नीलांबरीचे यजमान आंब्याखाली खड्डा खणत होते. रोझीच्या गळ्यातली लाल फीत त्यांनी काढली नव्हती.

हेमचंद्राला तिने त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, “पिल्लू द्या असं मी म्हणालो होतो. तुला विचारलं नाही.” इंदूला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो काही तसं बोलून तिला सोडवू शकत नव्हता.

डॉक्टरांनी नीलांबरीला सांगितलं होतं, की रोझीचं अंथरूण जाळा, फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. तरी या घरात वर्षभर लस न झालेलं पिल्लू आणू नका, विष जागेत टिकून राहतं. ठरलेली सगळी इंजेक्शनं होऊन पंधरवडा झालेलं मांजर असेल तरच. हे गोजरबाईकडून इंदूच्या कानावर आलं. दोन दिवस तिने विचार केला. तिसऱ्या दिवशी काजळीला टोपलीत घालून, वर तिचं कार्ड ठेवून, ती पलीकडे गेली. तिने सांगितलं, की हिची दोन्ही झाली आहेत, हिला या घरात धोका नाही, हिला ठेवून घ्या.

नीलांबरी दारातच उभी होती. डोळे सुजलेले होते. तिने कार्ड हातात घेतलं, वाचलं. पहिल्या दोन ओळींत पंधरा डिसेंबर आणि बारा जानेवारी, पुढे डॉक्टरांची सही. मग ते टोपलीत परत ठेवलं.

“मला तुमचं काही नको, इंदूताई,” ती म्हणाली. “तुम्ही मागितलं असतं तर मी पिल्लू परतसुद्धा दिलं असतं ना? नुसतं एकदा म्हणायचं होतं, की मला ते हवंय.”

इंदू टोपली घेऊन परत आली. तिला तेव्हा कळलं, की हे खरं होतं. नीलांबरीने पिल्लू परत दिलं असतं. ही गोष्ट तिच्या मनात कधी आलीच नव्हती.

त्यानंतर दोन्ही घरांमध्ये बोलणं राहिलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याहून पिसाळण्याची लस आली, इंदूने काजळीला नेऊन टोचून आणलं. वसाहतीत त्या साथीनंतर आणखी तिघींनी मांजरं पाळायला घेतली, आणि त्या बायका काजळी कशी वाचली ते विचारायला इंदूकडे यायच्या. ती त्यांना सगळं सांगायची. आठव्या आठवड्याला पहिलं, बाराव्याला दुसरं, जमलं तर सोळाव्याला तिसरं, तीन महिन्यांनंतर पिसाळण्याचं. मग वर्षाने दोन्ही परत, आणि पुढे दर साल. चिकाची गोष्ट सांगायची. तारखा स्वतः लिहून द्यायची आणि आदल्या दिवशी आठवण करायला जायची. बायका म्हणायच्या, किती मनापासून करतात. इंदूला ते कौतुक अंगावर घेववत नसे. रोझीचं काय झालं, असं कुणी विचारलं तर ती सांगायची, की तिचं दुसरं चुकलं, माझ्यामुळे. बहुतेकींना वाटायचं, बाई मनाला लावून घेते आहे.

पुढच्या हिवाळ्यात नीलांबरी माहेराहून एक करडं मांजर घेऊन आली. चांगलं पाच महिन्यांचं, मुंबईत त्या रोगाच्या सगळ्या लसी झालेलं. इंदूने ते खिडकीतून पाहिलं. आणि तिला परत तेच झालं, छातीत चिमटा बसल्यासारखं. इतकं सगळं होऊनही ते गेलं नव्हतं, याची तिला लाज वाटली.

जानेवारीत काजळीची वर्षाची लस होती. नीलांबरीच्या भावाने ती पाठवली होती. इंदूने मागितली नव्हती, डॉक्टरांनी त्याला कळवलं होतं. इंदू टोपली घेऊन राहात्याला दवाखान्यात गेली तर बाकावर नीलांबरी बसलेली. तिच्या नव्या मांजराला पिसाळण्याची लस द्यायची होती. इंदू बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये एक शेतकरी कालवडीचा कासरा धरून उभा होता. डॉक्टरांनी आधी करड्याला टोचलं, मग काजळीला. कार्डावर पुढच्या सालाच्या जानेवारीची तारीख घातली.

इंदू बाहेर येऊन एसटी थांब्याकडे चालू लागली. टोपली जड झाली होती, काजळी आता मोठं मांजर झालं होतं. मागून जीप आली आणि शेजारी थांबली.

“बसा,” नीलांबरी म्हणाली. “लस झाल्यावर उन्हात नको हिंडवायला तिला.”

इंदू मागे बसली. नीलांबरीने करड्याची टोपली पायाशी सरकवली, हात मागे करून इंदूची टोपली स्वतःकडे घेतली आणि मांडीवर ठेवली. दोन्ही बाजूंना तोडायला आलेला ऊस होता आणि बैलगाड्यांच्या रांगा चालल्या होत्या. अर्ध्या वाटेत काजळीने टोपलीतून डोकं वर काढलं, नीलांबरीच्या मनगटावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. इंदू ते पाहत होती. हात पुढे करून मांजर ओढून घ्यावंसं तिला आतून वाटलं. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि कारखाना येईपर्यंत तशीच बसून राहिली.